मानेवरचे गळू, बाभळीचा काटा आणि आठ दिवस: एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ४६ वर्षांचा, पारोळा तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे तापमान ४३ अंशांच्या घरात. बागायती कपाशीची लागवड तोंडावर आल्याने दिवसभर शेतात ठिबकच्या नळ्या अंथरण्याचे काम चालू होते. खानदेशात अशा वेळी जे वारंवार घडते ते इथे एका माणसाच्या आठ दिवसांत गुंफले आहे. या आठ दिवसांत चार ठिकाणी निर्णय चुकला आणि प्रत्येक चूक आधीच्या चुकीवर चढत गेली. म्हणून दिवस क्रमानेच पाहू.

पहिल्या दिवशी मानेच्या मागे, शर्टाची कॉलर घासते तिथे, वाटाण्याएवढी लाल पुळी आली. आदल्या आठवड्यात न्हाव्याने कटिंग करताना मानेवरचे केस वस्तऱ्याने कोरले होते. घरात निदान झाले ते नेहमीचे: "आंबे जास्त झाले, उष्णता उतरली." मात्र गळू आंब्याने होत नाही. ते स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जिवाणूमुळे होते. साधारण दहांतल्या तीन माणसांच्या नाकात हा जिवाणू काहीही त्रास न देता राहतो. नाकातून तो बोटांवर येतो आणि बोटांवरून कातडीवर. वस्तऱ्याची बारीक कापणी, घाम, धूळ आणि कॉलरचे घर्षण मिळाले की केसाच्या मुळाशी शिरायला त्याला वाट सापडते. आंबा इथे वेगळ्या वाटेने महत्त्वाचा ठरतो, ते पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी पुळीची गाठ झाली. साधारण दीड सेंटिमीटरची, कडक, गरम, ठसठसणारी. टोक अजून आलेले नव्हते. आपण ज्याला केसतोड म्हणतो, ते हेच. केसाच्या मुळाशी जंतू वाढले, त्यांना मारायला पांढऱ्या पेशी धावून आल्या, त्या मेल्या, आजूबाजूची चरबी वितळली, आणि मेलेल्या पेशी, जंतू व वितळलेले मांस मिळून पू झाला. शरीराने त्याच्याभोवती एक भिंत उभी केली. ही भिंत पातळ असते, पण त्या क्षणी रुग्णाचा सगळ्यात मोठा आधार तीच असते. तिच्यामुळे जंतू एका खोलीत कोंडले जातात.

या टप्प्यावर करण्याजोगे काम एकच होते: ऊन शेक. कोपर बुडवल्यावर सहन होईल इतके गरम पाणी, त्यात स्वच्छ सुती फडके भिजवून पिळायचे आणि गाठीवर १० ते १५ मिनिटे धरायचे. पाणी कोमट झाले की बदलायचे. दिवसातून तीन-चार वेळा असे करायचे. उष्णतेने रक्तपुरवठा वाढतो, गाठ लवकर पिकते, आणि पुष्कळदा तिला आपसूक तोंड फुटून पू वाहून जातो. फडके दर वेळी वेगळे घ्यायचे किंवा उकळायचे, हात साबणाने धुवायचे, वर कोरडी पट्टी लावायची आणि कॉलरचा शर्ट काही दिवस बाजूला ठेवायचा. बिब्बा किंवा चुना लावायचा नाही. त्याने कातडी भाजते आणि जंतूंना आणखी एक दार उघडे होते.

चौथ्या दिवशी गाठीवर पिवळा ठिपका दिसू लागला. शेजारच्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितले, "दाबी टाक भाऊ, पू निंघी गया का मोकळं व्हई जाई." बाभळीचा काटा आणून टोक फोडले गेले आणि दोन्ही अंगठ्यांनी गाठ जोर लावून पिळली गेली. थेंबभर पू आला, मग रक्त आले. त्या रात्री ठसठस खरोखरच कमी झाली. दाबण्याची सवय सुटत नाही त्याचे कारण हे चार-सहा तासांचे सुखच आहे.

दाबल्यावर आत काय घडले

पूने भरलेली खोली म्हणजे सर्व बाजूंनी बंद पिशवी. तिच्यावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखाच पसरतो आणि पिशवी जिथे सर्वांत कमकुवत तिथे फुटते. ती जागा वरचीच असेल याचा काही भरवसा नाही. मानेच्या मागची कातडी शरीरातल्या सर्वांत जाड कातड्यांपैकी आहे. त्या कातडीला खालच्या आवरणाशी बांधणारे चिवट तंतूंचे पडदे असतात आणि त्यांनी चरबीचे लहान-लहान कप्पे पाडलेले असतात. सीताफळाच्या आत गर जसा वेगवेगळ्या फोडींत असतो, तशी ही रचना समजा. काट्याने वर एक मिलिमीटरचे भोक पडले. पण अंगठ्यांचा दाब शंभर पट मोठ्या जागेवर पडला. भोकातून थेंब आला आणि उरलेला पू खालची भिंत फोडून शेजारच्या कप्प्यांत घुसला.

म्हणून पाचव्या दिवशी एकाची तीन तोंडे दिसली. गाठ पाच सेंटिमीटरवर गेली आणि लाकडासारखी कडक झाली. जंतू नव्या जागेत आपणहून गेले नाहीत, ते शेजाऱ्याच्या मदतीने तिथे ढकलले गेले. एकापेक्षा जास्त केसांच्या मुळांत पसरलेल्या, खाली एकमेकांना जोडलेल्या अशा गळवाला काळपुळी म्हणतात. तिचे आवडते ठिकाण मानेची मागची बाजू आणि पाठ, आणि ती बहुतेक मधुमेही माणसाला गाठते.

दुसरा धोका रक्तातला. पिळताना बारीक शिरा फाटतात आणि जंतू त्यांत शिरतात. हा जिवाणू रक्तातून हृदयाच्या झडपांवर, मणक्यांत, कमरेच्या खोल स्नायूंत जाऊन बसू शकतो. तिथे तो आठवड्यांनंतर ताप आणि पाठदुखी म्हणून प्रकट होतो, आणि तोवर मानेवरचे गळू कुणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

चेहऱ्यावर हाच धोका जवळून येतो. नाकाची दोन्ही बाजू आणि वरचा ओठ या त्रिकोणातल्या शिरा डोळ्याच्या कोपऱ्यातून कवटीच्या आतल्या एका मोठ्या शिरेला जोडलेल्या असतात, आणि रक्त त्यांत उलट्या दिशेनेही वाहू शकते. ओठावरची पुळी पिळल्यावर डोळ्याभोवती सूज आली, डोळा पुढे आल्यासारखा झाला, एकाचे दोन दिसू लागले, जोरदार डोकेदुखी आणि ताप आला, तर तो रुग्ण सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जायला हवा. असे क्वचित घडते, पण घडले तर जीव वाचवायला हातात फार वेळ नसतो. नाकातली पुळी टोचायची नाही, पिळायची नाही, आतले केस उपटायचे नाहीत, एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

सहाव्या दिवशीची गोळी

सहाव्या दिवशी रुग्णाने मेडिकलवरून अमॉक्सिसिलिन ५०० मिलीग्रॅमच्या सहा गोळ्या आणि वेदनाशामक घेतले. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. दोन दिवसांत काही फरक पडला नाही. याची दोन कारणे होती आणि ती वेगवेगळी समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण औषधाच्या निवडीचे. आज भेटणारे बहुतेक स्टॅफिलोकोकस पेनिसिलिन गटाचे औषध तोडणारे एन्झाइम बनवतात. नुसते अमॉक्सिसिलिन त्यांच्यापुढे टिकत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल सोबत असेल तर, किंवा क्लोक्सासिलिन वा सेफॅलेक्सिन असेल तर गोष्ट वेगळी. काही जिवाणू या औषधांनाही दाद देत नाहीत. त्यांना एमआरएसए म्हणतात, आणि त्यांच्यासाठी क्लिंडामायसिन, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल अशी वेगळी औषधे लागतात. यातले कोणते, हे पू तपासल्यावरच नक्की कळते.

दुसरे कारण जास्त मोठे आहे. औषध योग्य असते तरी कोंडलेल्या पूमध्ये ते नीट पोहोचले नसते. औषध रक्तातून येते आणि पूच्या खोलीत रक्तवाहिनीच नसते. तिथे आम्लता वाढलेली असते, जंतू मंदगतीने वाढत असतात, आणि मंद वाढणाऱ्या जंतूंवर अनेक औषधांचा जोर चालत नाही. म्हणून जमलेल्या पूचे औषध म्हणजे त्याला वाट करून देणे. गोळी नंतरची. पू न काढता नुसत्या गोळ्या चालू ठेवल्या तर ताप उतरतो, दुखणे दबते, पण जाड भिंतीची, महिनोन् महिने टिकणारी कडक गाठ उरते. सर्जन तिला अँटिबायोमा म्हणतात. स्तनातल्या गळवात हे विशेष दिसते, आणि मग ती गाठ कर्करोगाची तर नाही ना, याच्या तपासण्या सुरू होतात.

आठव्या दिवशी तपासणीत काय दिसले

रुग्ण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आला तेव्हा थंडी वाजून ताप येत होता आणि मान वळवता येत नव्हती. ताप १०१.८ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ११२, रक्तदाब १३०/८४, श्वास २०. मानेवर सात बाय सहा सेंटिमीटरची टणक सूज. तिच्यावर पाच तोंडे, चाळणीसारखी, त्यांतून दाट पू पाझरत होता. मधली कातडी काळपट निळी. सुजेच्या कडेपासून आणखी तीन सेंटिमीटर लाली.

इथे एक सापळा असतो. पू जमला आहे की नाही, हे पाहायची नेहमीची रीत म्हणजे गाठीच्या दोन टोकांना दोन बोटे ठेवायची आणि एकाने दाबून दुसऱ्याला लाट जाणवते का ते बघायचे. मांडीवर किंवा काखेत ही लाट कळते. मानेवर कळत नाही, कारण पू कप्प्याकप्प्यांत विभागलेला असतो. "अजून पिकले नाही, चार दिवस थांबा," असे म्हणून इथेच वेळ जातो. काळपुळीत टणकपणा, अनेक तोंडे आणि काळी पडत चाललेली कातडी हीच पिकल्याची खूण. शंका असेल तर सोनोग्राफीत पूचे कप्पे आणि त्यांची खोली दिसते.

नर्सबाईंनी बोटाला टोचून साखर पाहिली: ३४२. रुग्णाला मधुमेह असल्याचे माहीतच नव्हते. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि घसा सारखा कोरडा पडतो, हे त्याने उन्हाळ्यावर ढकलले होते. एचबीए१सी १०.८ आले, म्हणजे साखर गेले दोन-तीन महिने वाढलेलीच होती. लघवीत कीटोन नव्हते, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आता आंब्याचा मुद्दा नीट लागतो. आंब्याने गळू झाले नाही. पण मधुमेही माणसाची आंब्याच्या दिवसांत साखर आणखी चढते आणि वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत धड पोहोचत नाहीत, पोहोचल्या तरी त्यांना नीट मारू शकत नाहीत. उपचाराचा अर्धा भाग त्या ३४२ या आकड्यात होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मोठे गळू झाले, किंवा कोणालाही गळवे पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर साखर तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

चीर कशी दिली

एवढी मोठी काळपुळी बाहेरच्या खोलीत भूल टोचून उघडण्याजोगी नव्हती. कातडी बधिर करणारे लिग्नोकेन पूच्या आम्ल वातावरणात नीट काम करत नाही, आणि सुजलेल्या भागात टोचले तर दुखतेही फार. लहान गळवात ते गाठीच्या आत न टोचता भोवतालच्या निरोगी कातडीत, वर्तुळाने टोचतात. इथे भूलतज्ज्ञ हवे होते, शिवाय रुग्णाला पालथे झोपवायचे होते, म्हणून त्याला धुळ्याला पाठवले. साखर पूर्ण उतरेपर्यंत शस्त्रक्रिया थांबवली नाही. इन्सुलिन आणि सलाइन सुरू करून काही तासांत टेबलावर घेतले. पू आत असेपर्यंत साखर उतरत नाही आणि साखर चढलेली असेपर्यंत पू हटत नाही. हे चक्र तोडायचे तर पू आधी काढावा लागतो.

चीर अधिक चिन्हाच्या आकाराची, सुजेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दिली. घरच्यांना वाटले होते त्यापेक्षा ती कितीतरी मोठी होती. ती तेवढी का, हे समजणे गरजेचे आहे. छोट्या भोकातून वरचा पू निघतो, भोक दोन दिवसांत मिटते आणि आत उरलेले पुन्हा साचते. गळू परत येण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. चार कोपरे उलगडून मेलेली, राखाडी-पिवळी चरबी स्नायूवरच्या आवरणापर्यंत कापून काढली आणि कप्प्यांचे पडदे आर्टरी फोरसेप्सने मोडले. द्रव पू जेमतेम २० मिलिलिटर निघाला. मेलेले मांस त्याहून खूप जास्त होते. पूचा नमुना वरच्या थेंबाचा न घेता आतल्या भिंतीवरून घेऊन कल्चरला पाठवला. नंतर सलाइनने जखम स्वच्छ दिसेपर्यंत धुतली आणि ओलसर गॉज सैल भरला. गॉज ठासून भरला तर तो बुचासारखा बसतो, कडेचे मांस दाबले जाते आणि पू पुन्हा कोंडतो. जखम टाके घालून बंद केली नाही. ती तळापासून भरून वर यायला हवी. धनुर्वाताचे इंजेक्शनही दिले, कारण काटा शेतातला होता.

साधे, एका कप्प्याचे, मांडीवरचे तीन-चार सेंटिमीटरचे गळू असते तर हे सगळे १५ मिनिटांत आटोपले असते: भूल, अकरा नंबरच्या ब्लेडने सुरकुत्यांच्या दिशेने चीर, आतले कप्पे मोडणे, धुणे, कोरडी पट्टी. एवढ्या लहान गळवात आत बोळा भरलाच पाहिजे असेही नाही.

प्रतिजैविक कोणाला

या रुग्णाला ते लागणारच होते. ताप, ९० च्या वर नाडी, पसरती लाली, अनियंत्रित मधुमेह, आधीची फसलेली गोळी: यातले एक कारणही पुरले असते. सुरुवातीला शिरेतून क्लिंडामायसिन ६०० मिलीग्रॅम दर आठ तासांनी दिले, कारण एमआरएसए असण्याची शक्यता सोडून चालणार नव्हते. तिसऱ्या दिवशी कल्चरचा अहवाल आला. जिवाणू साधा स्टॅफिलोकोकस निघाला, पेनिसिलिनला दाद न देणारा, सेफॅलेक्सिनला देणारा. तेव्हा औषध बदलून सेफॅलेक्सिन ५०० मिलीग्रॅम दिवसातून चार वेळा, एकूण दहा दिवस पूर्ण होईपर्यंत दिले. अहवालावरून औषध बदलणे म्हणजे आधीचे चुकले असे नव्हे. नमुना घेतला नसता तर हा बदल अंदाजाने करावा लागला असता.

लहान गळू नीट उघडल्यावर निरोगी माणसालाही गोळ्या द्याव्यात का, यावर बराच काळ मतभेद होते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाच सेंटिमीटरपर्यंतची गळवे उघडून काहींना प्रतिजैविक आणि काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिली. नुसत्या चिरेवर शंभरांतले सुमारे ६९ बरे झाले, आणि औषधासह सुमारे ८२ ते ८३. चीर एकटीच बहुतेकांना बरे करते आणि औषधाने थोडी भर पडते. त्या थोड्या भरीसाठी जुलाब, पुरळ आणि वाढता औषधप्रतिरोध ही किंमत द्यायची का, हे रुग्ण पाहून ठरवावे. ताप, पसरती लाली, मधुमेह, चेहरा किंवा हातावरचे गळू, खूप लहान किंवा खूप म्हातारा रुग्ण, हृदयात कृत्रिम झडप: यांत औषध द्यायचेच. धडधाकट माणसाच्या मांडीवरचे दोन सेंटिमीटरचे गळू पूर्ण मोकळे झाले असेल, तर पट्टी आणि देखरेख पुष्कळदा पुरते. मात्र चीर न देता नुसते औषध हा मार्ग पिकलेल्या गळवात कोणालाच लागू नाही.

काही गळवांना गावातल्या दवाखान्यातही चीर देऊ नये. जांघेत किंवा मानेच्या पुढच्या बाजूला नाडीसारखी उडणारी गाठ ही गळू नसून फुगलेली रक्तवाहिनी असू शकते. तिला ब्लेड लागले तर रक्त थांबवणे अवघड. शौचाच्या जागेजवळचे, स्तनातले आणि बोटाच्या पेरातले गळूही सर्जनकडेच जावे.

पुढचे सहा आठवडे

शस्त्रक्रियेनंतर २४ तासांत ताप उतरला. इन्सुलिनचा डोस निम्म्यावर आला आणि साखर तिसऱ्या दिवशी १८० च्या आसपास स्थिरावली. ड्रेसिंग पहिले दहा दिवस रोज, नंतर दिवसाआड, गावच्या उपकेंद्रात. लालभडक, दाणेदार, सहज रक्त येणारे मांस दिसले की जखम भरते आहे. पुन्हा राखाडी थर, दुर्गंधी किंवा कडेला नवी लाली दिसली तर आत काही उरले आहे, आणि तेव्हा गोळी वाढवण्याआधी जखम पुन्हा उघडून पाहावी. सहा आठवड्यांत ती बुजली आणि आडवा, थोडा खोलगट व्रण राहिला. कातडी लावावी लागली नाही.

याच घरात रुग्णाच्या १२ वर्षांच्या मुलाला चौथ्या आठवड्यात मांडीवर एक सेंटिमीटरचे गळू झाले. दोघे एकच टॉवेल वापरत होते. या वेळी काटा आला नाही. दिवसातून चार वेळा ऊन शेक दिला, वर पट्टी ठेवली, आणि पाचव्या दिवशी ते आपोआप फुटून दोन दिवसांत सुकले. ताप नाही, लाली पसरली नाही, म्हणून औषध दिले नाही. दोघांच्याही नाकात मुपिरोसिन २ टक्के मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस लावायला दिले. टॉवेल, चादरी आणि उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले, आणि मे-जूनच्या खानदेशी उन्हाचा तेवढा उपयोग करून घेतला. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा झाला. न्हाव्याला मानेवर वस्तरा न लावता मशीन फिरवायला सांगितले. तीन महिन्यांनी रुग्णाचे एचबीए१सी ७.१ होते, आणि तोवर घरात दुसरे गळू झाले नव्हते.